परदेशी शिक्षण समुपदेशकाने कॅप्शन कसे लिहावे : सेवा स्पष्ट, हमी नाही

२०२२ च्या पावसाळ्यात काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझ्या नागपूरच्या धरमपेठेतल्या कार्यालयात आले आणि काही न बोलता त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. पडद्यावर माझ्याच इन्स्टाग्राम पोस्टचा स्क्रीनशॉट होता : "युकेचा व्हिसा काढून देतो. फाईल पूर्ण आमच्यावर सोडा आणि निश्चिंत राहा." त्यांच्या मुलाचा व्हिसा त्याच आठवड्यात नाकारला गेला होता. ते म्हणाले, "सर, तुम्हीच तर लिहून ठेवलं होतं ना जी, आमच्यावर सोडा म्हणून. सोडलं."

नकाराचे कारण सरळ होते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या काळात शिल्लक एक दिवसही त्या रकमेच्या खाली गेलेली चालत नाही. वडिलांनी २ जुलैला पैसे खात्यात जमवले, १९ जुलैला बागेच्या फवारणीसाठी त्यांतले काही काढले आणि २२ तारखेला परत भरले. स्टेटमेंट १ ऑगस्टपर्यंतचे होते. तिथून मागे २८ दिवस मोजले तर ५ जुलै येतो, म्हणजे ते तीन दिवस बरोबर मोजणीच्या मधोमध पडले. अर्ज पाठवण्याआधी स्टेटमेंटची प्रत्येक ओळ वाचणे हे आमचे काम होते आणि ते आमच्याकडून झाले नाही. पैसे हलवू नका, हे मी मुलाला सांगितले होते, वडिलांना नाही, आणि खाते मात्र वडिलांचे होते. व्हिसाची फी बुडाली, आरोग्य अधिभार तेवढा परत मिळाला. मी माझी सेवा-फी परत केली. मुलगा पुढे जानेवारीच्या सत्रासाठी नव्याने अर्ज करून गेला, पण चार महिने हातचे गेले ते गेलेच.

त्या रात्री मी माझी जुनी सगळी कॅप्शन वाचून काढली. एकातही धडधडीत खोटे नव्हते, तरीही प्रत्येकातून वाचणाऱ्याला हमीच ऐकू येत होती. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी, विशेषतः कार्यालय उघडताच पहिली पोस्ट टाकणाऱ्यांसाठी, कॅप्शन लिहिण्याची माझी आताची पद्धत पुढे क्रमाने देत आहे.

लिहायला बसण्याआधी समोर काय ठेवावे

कॅप्शन मनातून लिहू नये, कागद समोर ठेवून लिहावे. मी पुढच्या गोष्टी घेऊन बसतो :

- विद्यार्थ्याकडून सहीसाठी घेतो तो सेवा-करार, त्यातल्या फी आणि परताव्याच्या कलमांसह.
- ज्या विद्यापीठांचे प्रतिनिधित्व आहे त्यांची पत्रे. त्यांवरची मुदत संपण्याची तारीख तपासावी, कारण मुदत संपलेल्या पत्राच्या आधारे "अधिकृत प्रतिनिधी" लिहिले तर ते खोटेच ठरते.
- गेल्या वर्षीची नोंदवही : किती जण आले, किती अर्ज झाले, किती व्हिसा मिळाले, किती नाकारले.
- ज्या विद्यार्थ्यांचे फोटो वापरायचे त्यांची लेखी संमती.
- कार्यालयात कोण काय काम करते याची साधी यादी. ही यादी करताना मला पहिल्यांदा कळले की आमच्याकडे "मुलाखतीची तयारी" करून घेणारे कोणीच नव्हते, आणि पोस्टमध्ये मात्र ती सेवा दोन वर्षे झळकत होती.

१. आधी क्रियापदे तपासा

हमी शब्दांत नसते, ती क्रियापदात असते. आपल्या बोलण्यात "काढून देणे" हे इतके रुळलेले आहे की त्यात काही वावगे वाटत नाही. रेशनकार्ड काढून देतो, पॅन काढून देतो, तसाच व्हिसा काढून देतो. पण पॅनकार्डाचा अर्ज नीट भरला की कार्ड येतेच. व्हिसाचे तसे नाही. अर्ज निर्दोष असला तरी अधिकारी नकार देऊ शकतो, आणि अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसात तर कायद्याची सुरुवातच उलट्या बाजूने होते : तिथल्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार कायमचा स्थायिक व्हायला येत आहे असे आधी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे अर्जदाराने स्वतः पटवून द्यायचे असते. ते पटवण्यासाठी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर मिळतात ती काही मिनिटे. तिथे विदर्भ एक्स्प्रेसने गेलेला विद्यार्थी उभा असतो, आपण नाही. मग "काढून देतो" हे आपण कशाच्या आधारावर लिहितो?

म्हणून कॅप्शनमधली सगळी क्रियापदे अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा : हे काम माझ्या टेबलावर पूर्ण होते का? "अर्ज भरण्यास मदत करतो", "कागदपत्रे तपासून उणिवा सांगतो", "मुलाखतीचा सराव करून घेतो" ही कामे आपल्या टेबलावर पूर्ण होतात. "प्रवेश मिळवून देतो", "व्हिसा लावून देतो", "शिष्यवृत्ती करून देतो" ही होत नाहीत.

शिष्यवृत्तीचे थोडे वेगळे सांगतो, कारण नागपुरात हा प्रश्न रोज येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची निवड शासनाच्या समाजकल्याण खात्याकडून, ठरलेल्या निकषांवर होते. आपण फार तर जाहिरात केव्हा निघते यावर लक्ष ठेवायला आणि अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात हे पाहायला मदत करू शकतो. "शाहू शिष्यवृत्तीतून मोफत परदेश" असे लिहिणारा समुपदेशक शासनाचा निर्णय स्वतःच्या नावावर खपवतो, आणि ज्या घरातला पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोचला आहे त्या घराला हा फरक कळण्याचा काही मार्ग नसतो.

विशेषणेही याच चाळणीतून काढा. "खात्रीशीर", "हमखास", "शंभर टक्के", "नक्की" हे शब्द मी आता कोणत्याही वाक्यात ठेवत नाही, "शंभर टक्के सहकार्य" यातसुद्धा नाही, कारण वाचणारा आकडा लक्षात ठेवतो आणि त्याच्यापुढचे नाम विसरतो. "ए टू झेड सेवा" हाही त्यातलाच शब्द. काटोलच्या वडिलांच्या दृष्टीने बँकेतली शिल्लक त्या "झेड"च्या आतच होती.

२. कोण काय ठरवतो ते चार जणांत वाटून लिहा

या पायरीवर वेळ घालवा, कारण प्रामाणिक कॅप्शन बहुतांशी इथेच तयार होते. परदेशी शिक्षणाच्या प्रक्रियेत चार पक्ष असतात : आपण, विद्यार्थी व त्याचे घर, विद्यापीठ, आणि व्हिसा देणारे सरकार. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा आणि ब्रिटनमधील पदव्युत्तर शिक्षणासारखे एकच उदाहरण घेऊन प्रत्येक काम त्याच्या रकान्यात टाका.

आपल्या रकान्यात येते ते असे : विद्यार्थ्याचे गुण, आवड आणि घरचे बजेट पाहून अभ्यासक्रम सुचवणे, उद्देशपत्राचा मसुदा वाचून सूचना देणे, अर्जाचा फॉर्म भरताना सोबत बसणे, बँक स्टेटमेंट दिवसागणिक तपासणे, तारखांचे वेळापत्रक देणे. उद्देशपत्र "लिहून देतो" असे लिहू नका. ते विद्यार्थ्याचेच असावे अशी विद्यापीठांची अपेक्षा असते, आणि एकच नमुना पाच जणांच्या नावावर गेला की तो पकडला जातो.

विद्यार्थ्याच्या रकान्यात काय येते हे कॅप्शनमध्ये लिहायला बहुतेक समुपदेशक कचरतात. विद्यार्थ्याला काम सांगितले तर तो दुसऱ्या कन्सल्टन्सीकडे जाईल, अशी भीती असते. माझा अनुभव याच्या उलट आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणे, क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करून घेणे, आणि वडिलांच्या खात्यातले पैसे वापरायचे असतील तर नाते दाखवणारा जन्मदाखला व वडिलांचे संमतिपत्र जमवणे ही कामे घरच्यांनाच करावी लागतात. जन्मदाखल्यावर नाव एक आणि पासपोर्टवर दुसरे, हा घोळ आपल्याकडे इतका नेहमीचा आहे की तो पहिल्याच आठवड्यात तपासायला हवा. ही कामे कॅप्शनमध्ये आधीच दिसली की जो येतो तो कामाची तयारी ठेवून येतो.

विद्यापीठाच्या रकान्यात प्रवेशाचा निर्णय, अनामत रक्कम आणि तिच्या परताव्याचे नियम, आणि व्हिसा अर्जाला लागणारे विद्यापीठाचे पुष्टीपत्र, ज्याला सगळे "कॅस" म्हणतात ते, एवढे येते. सरकारच्या रकान्यात एकच गोष्ट असते, पण सगळ्यांत मोठी : व्हिसा द्यायचा की नाही. नियमही तेच बदलतात आणि कधी बदलतील हे आपल्या हातात नसते. कॅनडाने विद्यार्थ्यांसाठीची जलद प्रक्रिया, म्हणजे एसडीएस, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद केली. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये जीटीई, म्हणजे शिक्षणापुरतेच तात्पुरते राहण्याचा हेतू पटवण्याचा जुना निकष बदलून जेन्युइन स्टुडंट, म्हणजे खरोखर शिकायलाच येत असल्याचे दाखवण्याचा नवा निकष आणला. "कॅनडा व्हिसा २० दिवसांत" असे कॅप्शन ज्यांनी पिन करून ठेवले होते, त्यांच्यासाठी ते एका दिवसात खोटे झाले. म्हणून नियम किंवा मुदत लिहायचीच असेल तर शेवटी "माहिती अमुक महिन्यापर्यंतची" असे लिहा, आणि तो महिना उलटला की पोस्ट काढून टाका.

कॅनडासाठी आणखी एक सावधगिरी. फी घेऊन इमिग्रेशनविषयी सल्ला देणे किंवा प्रतिनिधी म्हणून काम करणे हे तिथल्या कायद्यानुसार परवानाधारक सल्लागार, वकील अशा अधिकृत व्यक्तींपुरतेच मर्यादित आहे. तुमच्याकडे तो परवाना नसेल, तर "कॅनडा इमिग्रेशन तज्ज्ञ" असे कॅप्शनमध्ये लिहू नका. तसेच "परदेशात नोकरी" हे शब्दही टाळा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि शिक्षण समुपदेशकाने त्या अंगणात पाऊल टाकण्याचे कारण नाही.

३. फी, परतावा आणि कमिशन एकाच परिच्छेदात लिहा

"मोफत समुपदेशन" लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही, व्यवसायच तसा चालतो. पण विद्यार्थ्याला हे ठाऊक नसेल, तर अमुक विद्यापीठच का सुचवले जात आहे हे त्याला कधीच कळत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोटी हमी देणे जसे येते तसे महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणेही येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. छोट्या कार्यालयाच्या छोट्या पोस्टलाही हा कायदा लागू आहे, कारण इन्स्टाग्रामची पोस्ट ही जाहिरातच आहे.

मी असे लिहितो : "काही विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळते. ज्यांच्याकडून मिळत नाही अशी विद्यापीठेही आम्ही सुचवतो, आणि यादीत कोणाकडून मिळते ते खुणेने दाखवतो." हे वाक्य लिहायचे तर तसे वागावे लागते, हे ओघानेच आले. आमच्या छापील यादीत कमिशनच्या विद्यापीठापुढे फुलीची खूण असते. ती पाहून पालक प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायला बरेही वाटते.

परताव्याबाबत तीन रकमा वेगळ्या करा, कारण पालक त्यांची नेहमी गल्लत करतात : आपली सेवा-फी, विद्यापीठाची अनामत, आणि व्हिसाची सरकारी फी. तिन्हींचे नियम तीन वेगळ्या ठिकाणी ठरतात. "व्हिसा नाकारला तर पैसे परत" असे मोघम लिहिले तर पालक तिन्ही रकमा मागायला येतील, आणि तुमच्या शब्दांवरून पाहिले तर त्यांचे चूक नसेल.

४. यशाचा आकडा लिहायचा असेल तर भाजक लिहा

समजा, वर्षभरात ४० जणांनी चौकशी केली, त्यांपैकी २२ जणांनी अर्ज केले, १५ जणांनी व्हिसासाठी अर्ज केला आणि १३ जणांना तो मिळाला. "यशाचे प्रमाण ८७ टक्के" हे १३ भागिले १५ असे येते. पण चौकशीला आलेला मुलगा हा आकडा वाचून आपल्याला ८७ टक्के संधी आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो ज्या ४० जणांच्या रांगेत उभा आहे, त्यांतल्या १३ जणांना व्हिसा मिळाला, म्हणजे तिघांतल्या एकालाही नाही. त्यातही काहींनी स्वतःच बेत बदललेला असतो, त्यामुळे हा दुसरा आकडाही पूर्ण चित्र सांगत नाही. एवढे सगळे कॅप्शनमध्ये बसत नाही, म्हणून मी टक्केवारी लिहीतच नाही. लिहायचेच असेल तर "२०२४ मध्ये १५ व्हिसा अर्ज, १३ मंजूर, २ नाकारले" असे पूर्ण लिहावे, आणि नाकारलेला आकडा गाळू नये.

व्हिसाचा स्टिकर हातात धरलेल्या विद्यार्थ्याचा फोटो टाकताना दोन गोष्टी पाहा. संमती लेखी हवी, आणि ती व्हिसा मिळाल्यानंतरची हवी. प्रवेशाच्या वेळीच फॉर्मवर सही करून घेतलेली संमती मी वापरत नाही, कारण तेव्हा विद्यार्थी आपल्यावर अवलंबून असतो. आणि स्टिकरवरचा पासपोर्ट क्रमांक झाका. हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते, पण बुलढाण्याच्या एका मुलीचा क्रमांक माझ्या पोस्टमध्ये आठवडाभर उघडा होता आणि तिच्या मामांनी फोन करेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

तुम्ही आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे वर्गही घेत असाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली कोचिंग क्षेत्राची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. त्यांत निव्वळ समुपदेशन वगळले आहे, पण शिकवणी त्यांच्या कक्षेत येते. म्हणजे "७ बँडची हमी" हे वाक्य "व्हिसाची हमी" इतकेच अडचणीचे आहे, आणि एकाच बोर्डाखाली दोन्ही कामे चालत असतील तर दोन्ही पोस्ट एकाच काळजीने लिहा.

५. "हमी नाही" हे वाक्य वर, त्याच भाषेत, त्याच आकारात

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालते, पण स्क्रोल करणाऱ्याला सुरुवातीची साधारण १२५ अक्षरेच दिसतात आणि पुढचे "अधिक"च्या मागे जाते. देवनागरीत काना, मात्रा, हलंत ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते, म्हणून मराठी ओळ वाटते त्यापेक्षा लवकर संपते. आता बहुतेक कॅप्शनमध्ये वर "युके २०२६ प्रवेश सुरू! आजच या!" असते आणि हमी नसल्याचे वाक्य तळाशी, हॅशटॅगच्याही खाली असते. तिथपर्यंत कोणी जात नाही, आणि लिहिणाऱ्यालाही ते माहीत असते.

२०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत : अस्वीकृतीची सूचना, म्हणजे डिस्क्लेमर, दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा, आणि मुळात दिशाभूल करणारा दावा खालच्या सूचनेने दुरुस्त करता येत नाही. म्हणजे फोटोवर मोठ्या मराठी अक्षरांत "व्हिसा पक्का" आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत "अटी लागू", हे चालत नाही. आपल्याकडचे निम्मे बॅनर असेच असतात, हे सीताबर्डीच्या चौकात उभे राहून मान वर केली तरी दिसेल.

म्हणून मी पहिलीच ओळ अशी ठेवतो : "प्रवेश विद्यापीठ ठरवते, व्हिसा त्या देशाचे सरकार, आम्ही अर्जाला मदत करतो, हमी देत नाही." सगळ्या खुणा मोजल्या तरी ही ओळ शंभर अक्षरांच्या आत बसते, त्यामुळे ती पूर्ण दिसते. फोटोवर काही लिहायचे असेल तर हेच वाक्य तिथेही लिहा. सुरुवातीला माझ्या डिझायनरने ते राखाडी रंगात टाकून आणले. मी परत पाठवले, तर तो म्हणाला, "सर, मग पोस्ट उदास दिसते ना." मी म्हटले, दिसू दे.

६. पूर्ण कॅप्शन

वरच्या पाच पायऱ्यांतून गेल्यावर माझे सध्याचे कॅप्शन असे झाले आहे. ब्रिटनपुरते आहे. दुसऱ्या देशासाठी विद्यार्थ्याच्या कामांची यादी बदलते, उदाहरणार्थ जर्मनीसाठी शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएस प्रमाणपत्र आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवणारे ब्लॉक्ड अकाउंट येते.

> प्रवेश विद्यापीठ ठरवते, व्हिसा त्या देशाचे सरकार; आम्ही अर्जाला मदत करतो, हमी देत नाही.
>
> ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, नागपूर.
>
> आम्ही काय करतो : तुमचे गुण आणि घरचे बजेट पाहून अभ्यासक्रम सुचवतो. उद्देशपत्र तुम्ही लिहिता, आम्ही वाचून सूचना देतो. अर्ज भरताना सोबत बसतो. व्हिसा अर्जाआधी बँक स्टेटमेंट आणि इतर कागद ओळीने तपासतो आणि उणिवा लेखी कळवतो.
>
> तुम्हाला काय करावे लागेल : विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणे, क्षयरोग तपासणी, जन्मदाखला व पासपोर्टवरील नावे जुळवणे. व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस ठेवणे. खाते वडिलांचे किंवा आईचे असेल तर पहिल्या भेटीला त्यांनाही सोबत आणा.
>
> फी : सेवा-फी किती आणि कोणत्या टप्प्यावर, हे पहिल्या भेटीत छापील कागदावर देतो. विद्यापीठाची अनामत आणि व्हिसा फी तुम्ही थेट भरता, आमच्या खात्यात नाही. त्यांच्या परताव्याचे नियम त्यांचे असतात.
>
> काही विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळते. यादीत त्यांच्यापुढे खूण असते.
>
> व्हिसा नाकारला गेल्यास नकारपत्र तुमच्यासोबत वाचून कारण समजावून सांगतो. चूक आमच्या तपासणीतली असेल तर सेवा-फी परत करतो.

शेवटच्या दोन वाक्यांवर माझ्या भागीदाराने बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे, चूक कोणाची हे ठरवणार कोण? प्रश्न योग्य आहे. त्यासाठी आम्ही तपासणीचा एक कागद बनवला, ज्यावर कोणते कागद कोणत्या तारखेला पाहिले, काय उणीव सांगितली आणि कोणाला सांगितली हे लिहून पालकांची सही घेतो. २८ दिवसांची पहिली आणि शेवटची तारीख त्यावर ठळक लिहिलेली असते. असा कागद तुमच्याकडे नसेल तर हे वाक्य कॅप्शनमध्ये घालू नका.

७. पोस्ट टाकल्यावर कॉमेंट आणि फोन

कॅप्शन सांभाळून लिहिले आणि खाली कॉमेंटमध्ये कोणी विचारले, "५५ टक्के आहेत, होऊन जाईल का?" त्यावर कार्यालयातल्या कोणी अंगठा आणि "होईल ना, या ऑफिसला" असे उत्तर दिले, की वरची सगळी मेहनत वाया गेली. कॉमेंटमधले उत्तरही लेखीच असते, त्याचाही स्क्रीनशॉट निघतो. आम्ही उत्तराचे एक वाक्य ठरवून दिले आहे : "५५ टक्क्यांना अर्ज स्वीकारणारे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश मिळेल की नाही ते विद्यापीठ ठरवेल. गुणपत्रिका घेऊन या, यादी दाखवतो."

फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीला कॅप्शनची छापील प्रत द्या आणि टेबलाच्या काचेखाली ठेवायला सांगा. आमच्या रिसेप्शनवरच्या ताई सुरुवातीला चांगुलपणाने "टेन्शन नका घेऊ काका, होते सगळ्यांचं" असे म्हणायच्या. त्यांची त्यात काही चूक नव्हती, मीच त्यांना दुसरे वाक्य दिले नव्हते. आता त्या पहिल्याच फोनवर विचारतात, "काका, पैसे कोणाच्या खात्यात ठेवणार आहात?"